साठीनंतर लोकांची नजर आपल्यावरून घसरून जाते, हे अजून कोणाला जाणवतं का?

उत्तरा
बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. वय ६९. तब्येत बरी आहे, पैशाची अडचण नाही, घरात मुलगा सून आहेत, म्हणजे ज्याला लोक एकटेपणा म्हणतात तसं काही नाही. पण गेल्या सहासात वर्षांत हळूहळू काहीतरी बंद झालंय आणि ते काय ते सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. लोक माझ्याकडे बघत नाहीत. म्हणजे डोळे माझ्या दिशेने असतात पण ते पुढे मागच्या भिंतीवर जातात.

उदाहरणं देते म्हणजे कळेल. मुलीबरोबर कपडे घ्यायला गेले, कपडे मला घ्यायचे होते, तर दुकानातली मुलगी माझ्या मुलीला विचारते, "मॅडम, यांच्यासाठी बघताय का?" मी तिथेच उभी. डॉक्टरांकडे मुलाबरोबर गेले तर डॉक्टर त्याला विचारतात, "यांना रात्री झोप लागते का?" अहो झोप मला लागते की नाही ते मला माहीत असणार ना! सगळ्यांचा फोटो काढायचा झाला की मोबाईल माझ्या हातात देतात. आणि कोणी छान दिसतेस म्हटलंच तर "या वयातसुद्धा" हे लावूनच म्हणतात.

आता खरं सांगायचं तर एकेकाळी मी दिसायला बरी होते आणि खोलीत शिरल्यावर चार माना वळायच्या, त्याची सवय झालेली असते हो. ती गेल्याचं दुःख होतं हे कोणाला सांगायचं? मैत्रिणीला म्हटलं तर ती म्हणाली आता कशाला हवंय ते. हवंय म्हणून सांगतेय ना.

दिगंबर७४
ताई, हे फक्त बायकांचं नाही. माझा न्हावी आता मला कसे कापू असं विचारतच नाही. खुर्चीत बसलो की मशीन लावतो आणि पाच मिनिटांत मोकळा करतो. शेजारच्या खुर्चीतल्या पोराला मात्र बाजूने किती, वर किती, कल्ले कसे, पंधरा प्रश्न. चष्म्याच्या दुकानात गेलो तर तिथला मुलगा सगळ्यात जाड काळी फ्रेम पुढे करतो, "काका, वाचायलाच हवाय ना?" अरे बाबा, मी आरशातही बघतो कधीकधी.

बायको गेल्यापासून तर शर्ट कुठला घातलाय हे सांगणारंही कोणी नाही. तसा मी काही देखणा वगैरे कधी नव्हतो, त्यामुळे उत्तराताईंसारखं हरवल्यासारखं नाही वाटत, पण आपल्याला आवडनिवड उरलीच नाही असं समोरच्याने गृहीत धरलं की राग येतो.

स्नेहल_व्ही
उत्तरा मावशी, डोळ्यांभोवती लूजनेस आला असेल तर हल्ली चांगल्या ट्रीटमेंट्स आहेत. माझ्या सासूबाईंनी पापण्यांचं छोटं ऑपरेशन करून घेतलं, एकदम फ्रेश दिसतात. क्रीमचा काही उपयोग नसतो असं त्यांचं म्हणणं. तुम्ही केस डाय करता का? नसाल तर तिथून सुरुवात करा, आणि गडद रंग घाला, फिकट रंगात माणूस विरून जातो.

उत्तरा
स्नेहल, तुझा हेतू चांगला आहे पण मी दिसण्याचा उपाय विचारत नाहीये गं. दोन वर्षं केस रंगवून पाहिले. दुकानातली मुलगी तरीही मुलीशीच बोलते, फक्त आता काळ्या केसांच्या म्हातारीच्या डोक्यावरून बोलते.

निशिगंधा
मी उलटं लिहिणार आहे, राग नको. मी ६१. बारा तेरा वर्षांची असल्यापासून रस्त्यावरच्या नजरा झेलल्या. बसमध्ये, जिन्यात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये. पंचावन्नच्या आसपास कधीतरी त्या थांबल्या आणि मला काय सुटल्यासारखं वाटलं ते शब्दात सांगता येणार नाही. आता मी कुठेही एकटी बसते, कोणी येऊन काही बोलत नाही. अदृश्य असणं हे मला तरी बक्षीस वाटतं. तुम्हाला त्या माना वळायला हव्यात आणि मला त्या वळू नयेत म्हणून आयुष्यभर मान खाली घालावी लागली.

उत्तरा
निशिगंधा, राग कशाला. त्या नजरा मीही झेलल्यात, त्या गेल्या त्याचं मलाही सुख आहे. पण त्यांच्याबरोबर दुसरी नजरही गेली. "आलात? बसा" म्हणणारी. या दोन वेगळ्या नव्हत्या का?

निशिगंधा
माझ्या वाट्याला दुसरी फारशी आलीच नाही, त्यामुळे मला सांगता येणार नाही.

साधा_माणूस
मानसिकता आहे सगळी. मी कुठेतरी वाचलंय, संशोधन झालंय यावर, म्हातारी माणसं स्वतःला मनातून २० वर्षांनी तरुण समजतात. मग लोक म्हातारं समजून वागले की धक्का बसतो. वय स्वीकारलं की प्रश्न संपला. आमचे वडील ८८ चे आहेत, त्यांना कोणी बघितलं नाही तरी फरक पडत नाही.

अन्वयी
२० वर्षं नाही, २० टक्के. २००६ साली डेन्मार्कमधल्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात चाळिशी ओलांडलेली माणसं स्वतःला सरासरी २० टक्के तरुण समजतात असं दिसलं. म्हणजे सत्तरीच्या माणसाला आतून छप्पन्नच्या आसपास वाटतं. आणि हे म्हाताऱ्यांनाच होतं असं नाही, पन्नाशीच्या माणसालाही आतून चाळीसच वाटतं. त्यामुळे धक्क्याचं तुमचं म्हणणं थोडं बरोबर आहे, पण त्यातून "स्वीकारा आणि संपवा" हे कसं निघतं ते कळलं नाही. दुकानातली मुलगी मुलीशी बोलली हे उत्तराताईंच्या मनात घडलेलं नाही, दुकानात घडलंय.

मी मानसशास्त्र शिकवते म्हणून थोडं लिहिते. नजर आरपार जाण्यावर एक छान साधा प्रयोग झालाय. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आवारात, २०१२ मध्ये छापून आला. चालत येणाऱ्या अनोळखी माणसाकडे एक बाई कधी डोळ्यात बघून पुढे जायची, कधी डोळ्यात बघून हसायची, आणि कधी डोळ्यांच्याच उंचीवर पण त्या माणसाच्या पलीकडे, जसं काही तिथे कोणी नाहीच असं बघायची. थोडं पुढे दुसरा माणूस त्यांना थांबवून विचारायचा की गेल्या मिनिटभरात तुम्हाला लोकांपासून किती तुटल्यासारखं वाटलं. ज्यांच्या आरपार बघितलं त्यांना जास्त तुटल्यासारखं वाटलं. एकदाच, अनोळखी बाईने, एका क्षणासाठी, आणि तेही बहुतेक तरुण मुलंमुली असणार. हेच रोज पाचदा होत असेल तर काय होईल त्याचा हिशेब त्या प्रयोगात नाही, पण मनाला लागतं हे खोटं नाही एवढं नक्की.

साधा_माणूस
ठीक आहे टक्के तर टक्के. तरी मला वाटतं आपण फार नाजूक झालोय.

ओंकार_३४
मी तरुण पार्टीतला म्हणून प्रामाणिक प्रश्न. लोक मुद्दाम करतात का हे? म्हणजे मला तरी म्हाताऱ्या माणसांबद्दल राग वगैरे नाही. पण आमच्या सोसायटीत सात आठ आजोबा आहेत आणि खरं सांगतो, दोघं सोडले तर मला ते एकमेकांपासून ओळखता येत नाहीत.

अन्वयी
मुद्दाम नसतंच बहुतेक वेळा. चेहरे लक्षात ठेवण्याचं असं आहे की आपल्याला आपल्या वयाच्या आसपासचे चेहरे जास्त चांगले लक्षात राहतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तरुण माणूस वयस्क चेहऱ्याकडे बघतो तेव्हा "म्हातारे आजोबा" एवढी एक चिठ्ठी लागते आणि पुढचं बघणं थांबतं. नाक कसं, भुवया कशा, कोणाला हसताना डावीकडे खळी पडते, इथपर्यंत नजर जातच नाही. ज्यांचं रोज वयस्क लोकांशी काम पडतं त्यांच्यात हे कमी दिसतं, म्हणजे सवयीचा भाग बराच आहे, जन्मजात काही नाही.

आणि दुसरं, स्नेहलने पापण्यांचं काढलं ते मला महत्त्वाचं वाटतं पण वेगळ्या कारणाने. सुरकुत्या आणि ओघळलेल्या पापण्या यांच्यामुळे साधा शांत चेहराही वैतागलेला किंवा दुःखी वाटतो. त्यामुळे समोरचा बोलायला बिचकतो. चिडलेल्या वाटणाऱ्या माणसाला कोण कशाला विचारेल की कपडा कुठल्या रंगाचा दाखवू.

कानसेन
उशिरा आलो धाग्यावर. ऑडिओलॉजिस्ट म्हणून तीस वर्षं काढली, आता निवृत्त. आधी पापण्यांचं एक वाक्य: वरची पापणी इतकी ओघळली असेल की वरचं दिसत नाही, वाचताना कपाळ ताणून भुवया वर धरायला लागतात, तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं प्रकरण आहे, सौंदर्याचं नाही.

आता मुद्दा. उत्तराताई, तुमचं डॉक्टरांचं उदाहरण वाचून माझे कान टवकारले. आमच्याकडे हे रोजचं होतं आणि त्याची एक ठरलेली घसरण असते. वयाने कान जातात ते सगळे सारखे जात नाहीत, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ, त, थ, क ही व्यंजनं त्यात येतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. म्हणून माणूस म्हणतो "मला ऐकू येतं, पण हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात." आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी निसटतात, आणि चारजण एकदम बोलत असले की सगळंच निसटतं.

मग काय होतं? डॉक्टर काहीतरी विचारतात. तुम्हाला अर्धं कळतं. परत विचारायचा संकोच, म्हणून तुम्ही मान हलवता किंवा मुलाकडे बघता. तुम्ही मुलाकडे बघितलंत की डॉक्टरही मुलाकडे बघतात. मुलगा उत्तर देतो कारण शांतता कोणालाच सहन होत नाही. पुढचा प्रश्न थेट मुलाला जातो. दोन मिनिटांत तुम्ही त्या संभाषणातून बाहेर आणि तिघांपैकी कोणीही काही वाईट केलेलं नाही. पुढच्या खेपेला हे सगळं पहिल्या वाक्यापासूनच सुरू होतं कारण आता सगळ्यांना आपापली जागा माहीत असते.

सगळ्यांना हेच असतं असं मी म्हणत नाही. ओळखायचं कसं ते सांगतो. पंधरा दिवस एका वहीत लिहा. जेव्हा जेव्हा वगळल्यासारखं वाटलं तेव्हा जागा कुठली, गोंगाट होता का, समोर किती माणसं, बोलणारी बाई की पुरुष, आणि तुमच्या कुठल्या बाजूला. घोळक्यात आणि गोंगाटात जास्त, शांत खोलीत एकटं माणूस समोर असताना जवळजवळ नाहीच, असं दिसलं तर आधी कान तपासा. शांत खोलीत, समोरासमोर, एकाच माणसाशीही तेच होत असेल तर कानावर ढकलू नका, ते समोरच्याचं वागणं आहे. दोन्ही मिसळलेलं निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

उत्तरा
कानसेन, तुम्ही म्हणताय ते वाचून आधी राग आला. म्हणजे दोष परत माझ्याच कानांचा? दुकानातल्या मुलीने तर तोंड उघडायच्या आधीच ठरवलं होतं कोणाशी बोलायचं.

कानसेन
दोष नाही म्हणत ताई. दुकानातलं मला नाही वाटत कानाचं. डॉक्टरांकडचं असू शकेल. एकाच पेटीत दोन्ही कशाला टाकायचं.

अन्वयी
रागाचं मीही बोलणार होते कारण मला अजून एक अप्रिय गोष्ट सांगायचीय. एकटेपणा बराच काळ राहिला की मन नकाराच्या खुणा शोधायला लागतं. कोणी घड्याळाकडे बघितलं तरी ते आपल्यामुळेच. त्यातून माणूस आधीच मागे सरतो आणि लोक म्हणतात यांना बोलायचं नसतं. एकटेपणा कमी करायच्या वेगवेगळ्या उपायांचा एकत्र आढावा २०११ मध्ये निघाला होता, त्यात नुसतं लोकांमध्ये नेऊन बसवण्यापेक्षा हे अर्थ लावणं सुधारण्याचे उपाय जास्त कामाचे ठरले. म्हणजे "क्लब जॉइन करा" हा जो सल्ला सगळे देतात ना, तो एकटा फारसा पुरत नाही. वीस जणांमध्ये बसून वीस जणांनी वगळलं असं वाटून माणूस घरी येतो.

पण याचा उपयोग उत्तराताईंना "तुम्हीच जास्त मनावर घेता" म्हणायला कोणी केला तर मला चालणार नाही. म्हाताऱ्यांबद्दलचा भेदभाव ही खरी गोष्ट आहे, त्याला इंग्रजीत एजिझम हे नाव १९६९ मध्ये मिळालं आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यावर मोठा अहवाल काढला. बाहेरचंही खरं आणि आतलंही खरं, एकमेकांना खतपाणी घालतात.

दिगंबर७४
अन्वयी, हे बरोबर आहे. मी क्लबात जातो. तिथे सगळे माझ्याच वयाचे, तरी कोणी कोणाकडे बघत नाही, सगळे आपापल्या गुडघ्याबद्दल बोलतात.

सविता क
माझी आई अशीच होती. नर्स यायची ती ओरडून, लाडीगोडीच्या बारीक आवाजात, "चला बरं, गोळी घेऊ या का आपण?" आई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होती. तिला एवढा संताप यायचा की ती गोळी थुंकून टाकायची आणि मग सगळे म्हणायचे चिडचिडी झालीय. विषय थोडा वेगळा आहे पण लिहावंसं वाटलं.

कानसेन
अजिबात वेगळा नाही सविता. आणि गंमत म्हणजे तो बारीक उंच आवाज ऐकू यायलाही वाईट. जी पट्टी कानातून गेलीय नेमकी तीच चढवतात, आणि ओरडलं की शब्दांची तोंडं वाकडी होतात. समोर येऊन, चेहरा दिसेल असं बसून, नेहमीच्या आवाजात, वाक्य पूर्ण करून बोललं की बहुतेकांना कळतं. नाही कळलं तर तेच वाक्य मोठ्याने परत म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत म्हणावं.

उत्तरा
वही लिहिली. महिना झाला म्हणून सांगायला आले. डॉक्टर, जेवणाचं टेबल, सुनेच्या मैत्रिणी आल्या तेव्हाचा गोंधळ, हे सगळं कानसेनांच्या रकान्यात गेलं. सुनेचा आवाज आणि नातीचा आवाज जास्त निसटतो हेही लिहिल्यावरच दिसलं. कान तपासले, दोन्हीकडे वरच्या पट्टीत बऱ्यापैकी कमी आलंय. मशीन घेतलंय, अजून त्रास होतो, कागद चुरगळला तरी अंगावर आल्यासारखा वाटतो.

दुकानं, बँकेचा काउंटर, फोटो, हे सगळं दुसऱ्या रकान्यात. शांत जागा, समोर एकटी मुलगी, आणि तरी नजर माझ्या मागे. तिथे मशीनने काय होणार.

कानसेन
मशीन काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका एवढंच. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. आधी घरात शांत जागी रोज थोडे तास, मग वाढवत न्या. कागदाचा आवाज हळूहळू मागे जाईल. घोळक्यात मात्र तरुणपणासारखं ऐकू येईल अशी आशा ठेवू नका, तिथे मशीनलाही मर्यादा आहेत. फार टोचत असेल तर परत जाऊन सेटिंग बदलून घ्या, पहिलं सेटिंग शेवटचं नसतं.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी खुर्च्यांकडे लक्ष द्या. डॉक्टरांच्या जवळची खुर्ची तुमची, मुलाची थोडी मागे, तुमच्या खांद्याच्या पलीकडे. म्हणजे डॉक्टरांना त्याच्याकडे बघायला मान वळवावी लागेल. पहिलं वाक्य तुमचं असू दे, "मला तीन गोष्टी सांगायच्यात," आणि त्या कागदावर लिहून हातात. मुलाला घरीच सांगून ठेवा की प्रश्न त्याच्याकडे आला तर उत्तर द्यायचं नाही, "तीच सांगेल" म्हणून तुमच्याकडे बघायचं. तिघांमध्ये सगळ्यात अवघड काम त्याचं आहे, कारण गप्प बसायचंय.

उत्तरा
खुर्चीचं करून बघते. दुकानातही मुलीला थोडं मागे राहायला सांगितलं होतं गेल्या आठवड्यात. विकणारी मुलगी पहिल्यांदा माझ्याशी बोलली, पण मग मी निवडलेला रंग बघून मुलीला म्हणाली, "यांना हा थोडा भडक होईल ना?" मी घेतला तोच.

पण खरं सांगू, माना वळायच्या त्या गोष्टीला इथे कोणीच हात लावला नाही. सगळे कान आणि काउंटरवर आले.

अन्वयी
लावला नाही कारण मला उत्तर माहीत नाही. गेलेल्याचं दुःख करायला माणसं मिळतात, पण दिसण्याचं दुःख केलं की लोक उथळ म्हणतात. निदान ते उथळ नाही एवढं मी म्हणू शकते.

निशिगंधा
मी अजूनही म्हणते, ती नजर परत मागू नका. तिच्याबरोबर काय काय येतं ते आपल्याला माहितीये.

ओंकार_३४
मग वयस्क माणूस छान दिसत असेल तर म्हणायचं कसं? ऑफिसात एक बाई निवृत्तीला आल्यात, कायम इतक्या नेटक्या असतात. म्हटलं तर आगाऊपणा वाटेल अशी भीती वाटते.

उत्तरा
जी गोष्ट आवडली तिचं नाव घे. "हा रंग तुम्हाला शोभतो" एवढं पुरे. वयाचा उल्लेख नको आणि "तुम्हाला बघून प्रेरणा मिळते" हे तर मुळीच नको, मी काही डोंगर चढत नाहीये.

दिगंबर७४
न्हाव्याला सांगितलं, आधी विचार मग मशीन लाव. त्याने विचारलं कसे ठेवू. माझे राहिलेत किती ते बघून दोघंही हसलो. पण कल्ले मी सांगितले तसे ठेवले.

माधव_पी
सगळा धागा वाचला. माझा प्रश्न उलटा आहे. वडील ८१, मी डॉक्टरांना सांगतो की त्यांनाच विचारा, तर वडीलच म्हणतात "तू सांग." कान तपासलेत, नीट आहेत. खुर्ची पुढे दिली तर मागे सरकवतात.

कानसेन
दरवाजा बंद करून डॉक्टरांना पाच मिनिटं वडिलांबरोबर एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. काहीजण मुलासमोर आजार बोलत नाहीत, ते मग बोलतात. काहींना खरोखरच दुसऱ्याने सांगितलेलं बरं वाटतं, दमलेले असतात. तुमचे वडील यातले कुठले ते मला इथून कळणार नाही.

माधव_पी
बाहेर थांबायला ते हो म्हणतील असं वाटत नाही. विचारून बघतो.